ऑल-पास फेज शिफ्टर: गेन कुठे बिघडतो आणि फेज कुठे

प्रश्न: «मी ब्रेडबोर्डवर ७४१ वापरून ऑल-पास फेज शिफ्टर जोडला आहे. R १० के, C १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड, इनव्हर्टिंग बाजूचे दोन्ही रेझिस्टर १० के. इनपुट २ व्होल्ट पीक-टू-पीक. १०० हर्ट्झला आउटपुट बरोबर २ व्होल्ट येतं, पण २० किलोहर्ट्झला २.२ व्होल्ट दिसतं. १.५९ किलोहर्ट्झला ९० अंश यायला हवेत, तिथे ९८ येतात. २०० किलोहर्ट्झला तर आउटपुट त्रिकोणी होऊन सव्वा व्होल्टवर येतं. आयसी खराब आहे का?»

आयसी खराब नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांमध्ये एक नव्हे, तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, आणि त्यांची कारणे सर्किटच्या तीन वेगळ्या भागांत आहेत. २० किलोहर्ट्झला वाढलेले आउटपुट इनव्हर्टिंग बाजूच्या रेझिस्टरच्या जोडीमुळे आहे, ९८ अंशांतला मोठा वाटा कॅपॅसिटरचा आहे, आणि २०० किलोहर्ट्झचा त्रिकोण ७४१ च्या वेगाच्या मर्यादेचा आहे. कोणते लक्षण कोणत्या भागाचे, हे ओळखता आले की हे सर्किट फार शहाण्यासारखे वागते. म्हणून आधी ते चालते कसे, हे एका आकृतीतून सांगतो. पुढचे सगळे त्याच आकृतीतून निघेल.

कागदावर एक आडवी रेषा काढा. डावे टोक O, उजवे टोक A. ही रेषा म्हणजे तुमचे इनपुट व्होल्टेज. हेच व्होल्टेज R आणि C यांच्या जोडीवर विभागले जाते, आणि नॉन-इनव्हर्टिंग पिनला त्यातले कॅपॅसिटरवरचे व्होल्टेज मिळते. आता R आणि C मधून एकच करंट जातो. रेझिस्टरवरचे व्होल्टेज त्या करंटच्या फेजमध्ये असते, कॅपॅसिटरवरचे त्याच्या ९० अंश मागे असते. म्हणजे O पासून निघून कॅपॅसिटरच्या व्होल्टेजइतके गेलो तर एका बिंदूवर, समजा P वर, पोहोचतो, आणि तिथून काटकोनात वळून रेझिस्टरच्या व्होल्टेजइतके गेलो की A येतो. फ्रिक्वेन्सी कितीही असली तरी P शी काटकोनच होणार. दहावीच्या भूमितीत आपण शिकलो आहोत की अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोन काटकोन असतो. त्याच्याच उलट बाजूने, P हा बिंदू नेहमी OA हा व्यास असलेल्या अर्धवर्तुळावर राहतो. कमी फ्रिक्वेन्सीला तो A जवळ असतो, फ्रिक्वेन्सी वाढवत गेलो की रेषेच्या खालच्या अर्धवर्तुळावरून सरकत O कडे येतो. खालून, कारण कॅपॅसिटरचे व्होल्टेज इनपुटच्या मागे पडते.

ऑप-अँप यात एकच काम करतो. दोन्ही रेझिस्टर समान असतील तर आउटपुट म्हणजे P च्या व्होल्टेजची दुप्पट, वजा इनपुट. हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे तर, आउटपुट म्हणजे अर्धवर्तुळाच्या केंद्रापासून P पर्यंतच्या अंतराची दुप्पट, कारण केंद्र इनपुटच्या बरोबर मध्यावर आहे. केंद्रापासून P पर्यंतचे अंतर ही त्रिज्या आहे, ती बदलत नाही, आणि तिची दुप्पट म्हणजे व्यास, म्हणजे इनपुट. सगळ्या फ्रिक्वेन्सींना गेन एक येतो तो एवढ्यासाठी. इथे काही कुठे भरून काढले जात नाही. वर्तुळाची त्रिज्या सगळीकडे सारखी असते, इतकेच.

फेजमधला दोनचा गुणकही याच आकृतीत दिसतो. नुसत्या R आणि C ने इनपुटच्या मागे टाकलेला कोन हा O जवळचा, म्हणजे परिघावरचा कोन आहे. आउटपुटचा कोन आपण केंद्रापासून मोजतो आहोत, आणि त्याच कंसाचा केंद्राशी होणारा कोन परिघावरील कोनाच्या दुप्पट असतो. म्हणून साध्या लो-पास जोडीचा फेज शून्यापासून उणे ९० पर्यंत जातो तेव्हा ऑल-पासचा शून्यापासून उणे १८० पर्यंत जातो. तुमच्या किमतींना सूत्राप्रमाणे १५९ हर्ट्झला उणे ११.४ अंश, १ किलोहर्ट्झला उणे ६४.३, १.५९ किलोहर्ट्झला उणे ९०, आणि १५.९ किलोहर्ट्झला उणे १६८.६ यायला हवेत. फेजचा आलेख लॉग फ्रिक्वेन्सीवर काढला तर तो मधल्या बिंदूभोवती सर्वांत चढा असतो आणि दोन्ही टोकांना हळूहळू सपाट होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, ९८ अंशांच्या हिशेबात ती लागणार आहे.

आता तुमचे २.२ व्होल्ट. समजा इनव्हर्टिंग पिनकडे इनपुटपासून येणारा रेझिस्टर R1 आणि आउटपुटपासून येणारा R2, आणि त्यांचे गुणोत्तर k. ते एक नसेल तर सूत्रे अशी होतात:

```
k = R2/R1
Vout = (1 + k)·V+ − k·Vin
Vout/Vin = (1 − jkωRC) / (1 + jωRC)
```

आकृतीच्या भाषेत याचा अर्थ असा की आपण आता केंद्रापासून मोजत नाही. केंद्राच्या थोड्या बाजूच्या बिंदूपासून मोजतो. k एकापेक्षा मोठा असेल तर तो बिंदू A च्या बाजूला सरकतो. P अर्धवर्तुळावरच आहे, पण केंद्राबाहेरच्या बिंदूपासून परिघाचे अंतर सगळीकडे सारखे नसते. सूत्रात फ्रिक्वेन्सी शून्य ठेवली तर गेन k कितीही असला तरी नेमका एक येतो. फ्रिक्वेन्सी खूप वाढवली तर गेन k होतो. तुम्हाला १०० हर्ट्झला बरोबर २ व्होल्ट आणि २० किलोहर्ट्झला २.२ व्होल्ट दिसले, याचा सरळ अर्थ तुमचा k सुमारे १.१ आहे. हे रेझिस्टर न काढता सर्किटकडूनच मिळालेले मोजमाप आहे.

तुमचे रेझिस्टर बहुधा सोनेरी पट्टीचे, म्हणजे ५ टक्क्यांचे असावेत. एक ९.५ के आणि दुसरा १०.४५ के निघाला तर दोन्ही आपापल्या हमीत बसतात आणि गुणोत्तर तरीही १.१ येते. सप्लाय बंद करून दोन्ही रेझिस्टर ब्रेडबोर्डमधून बाहेर काढा आणि मल्टीमीटरवर मोजा. सर्किटमध्ये असताना मोजू नका, इतर वाटांनी आकडा चुकतो. मग पाकिटातल्या दहा-बारा रेझिस्टरमधून एकमेकांशी जुळणारे दोन निवडा. ते नेमके १० के असण्याची काहीही गरज नाही, ९.७ आणि ९.७ उत्तम, १०.० आणि १०.३ वाईट. मल्टीमीटरची स्वतःची चूक दोघांनाही सारखीच लागू होते, त्यामुळे साध्या मल्टीमीटरनेही ही जुळवणी चांगली होते. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर न मोजता वापरले तर सर्वांत वाईट परिस्थितीत गेनमध्ये २ टक्क्यांचा फरक उरतो, आणि बहुतेक कामांना तो चालतो.

काही पुस्तकांत R आणि C यांच्या जागा अदलाबदल केलेल्या असतात, म्हणजे इनपुटपासून कॅपॅसिटर आणि जमिनीकडे रेझिस्टर. तेव्हा P वरच्या अर्धवर्तुळावरून उलट दिशेने जातो, फेज अधिक १८० पासून सुरू होऊन शून्याकडे येतो, आणि रेझिस्टरच्या जोडीतला फरक उच्च फ्रिक्वेन्सीऐवजी कमी फ्रिक्वेन्सीला दिसतो. तुमचा फरक वरच्या टोकाला आहे, यावरून तुमची जोडणी तुम्ही लिहिल्याप्रमाणेच आहे याचीही खात्री पटते.

पुढे जाण्यापूर्वी याच लक्षणाची उलट बाजू सांगतो, कारण तिने माझा एक पूर्ण दिवस घेतला होता. जुळवलेले रेझिस्टर असूनही उच्च फ्रिक्वेन्सीला आउटपुट वाढण्याऐवजी दोन-तृतीयांशावर येत होते. मी तीन आयसी बदलले, ब्रेडबोर्डची जागा बदलली, काही उपयोग झाला नाही. कारण सर्किटच्या आधी होते: पातळी कमी-जास्त करण्यासाठी मी १० के चे पोटेन्शिओमीटर थेट इनपुटला लावले होते आणि ते मध्यावर होते. मध्यावर ठेवलेल्या १० के पोटेन्शिओमीटरचा स्रोत-रेझिस्टन्स २.५ के असतो. ऑल-पासचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स मात्र फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. कमी फ्रिक्वेन्सीला P इनपुटजवळ असतो, त्यामुळे R आणि R1 यांच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखे व्होल्टेज असते आणि करंट ओढलाच जात नाही. उच्च फ्रिक्वेन्सीला P जमिनीजवळ येतो, आणि इनपुटला R व R1 समांतर दिसतात, म्हणजे आपल्या किमतींना ५ के. अडीचला पाच जोडून साडेसात, त्यातले पाच, दोन-तृतीयांश. ऑल-पास बरोबर चालत होता, त्याला मिळणारे इनपुटच कमी होत होते.

म्हणून सीआरओचा पहिला प्रोब फंक्शन जनरेटरच्या टोकाला नव्हे, तर R आणि R1 जिथे एकत्र येतात त्या बिंदूवर लावा. जनरेटरचा आउटपुट रेझिस्टन्स ५० ओहम असेल तर तुम्हाला फरक जाणवणार नाही, पण पुढे कधी हे सर्किट दुसऱ्या एखाद्या टप्प्यानंतर जोडाल तेव्हा मध्ये व्होल्टेज फॉलोअर ठेवा. उच्च फ्रिक्वेन्सीला गेन कमी होत असेल तर आधी हा बिंदू पाहायचा: तिथलेही व्होल्टेज कमी होत असेल तर दोष स्रोताचा, तिथे स्थिर असेल तर दोष रेझिस्टरच्या जोडीचा किंवा ऑप-अँपचा.

आता ९८ अंश. कॅपॅसिटरची किंमत चुकली तर P अर्धवर्तुळ सोडत नाही, फक्त त्या फ्रिक्वेन्सीला अपेक्षेपेक्षा थोडा पुढे किंवा मागे असतो. त्यामुळे कॅपॅसिटरच्या चुकीने एकट्याने गेनला धक्का लागत नाही, फक्त फेज सरकतो. आणि मघाशी म्हटल्याप्रमाणे ९० अंशांच्या आसपास फेज सर्वांत चढा असतो: तिथे R गुणिले C मध्ये १ टक्का चूक म्हणजे सुमारे ०.६ अंश. कॅपॅसिटर १० टक्के मोठा, म्हणजे ११ नॅनोफॅरड असेल तर ९० ऐवजी ९५.५ अंश येतात. रेझिस्टरच्या जोडीतल्या १.१ या गुणोत्तराचा वाटा आणखी २.७ अंश. बेरीज ९८.२. तुम्ही मोजलेला आकडा इथेच बसतो. १०३ छापलेल्या कॅपॅसिटरला १० टक्के फरक ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. काही सिरॅमिक डिस्कमध्ये तर फरक याहून बराच मोठा असतो आणि तापमानाबरोबर बदलतोही. फेज स्थिर हवा असेल तर पॉलिस्टर किंवा त्याहून चांगला पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर वापरा.

हे खरे आहे का, ते असे तपासा. सीआरओ एक्स-वाय मोडमध्ये ठेवा, एका चॅनेलवर इनपुट आणि दुसऱ्यावर आउटपुट, दोन्हींची व्होल्ट-पर-डिव्हिजन सारखी. १०० हर्ट्झला पडद्यावर उजवीकडे चढणारी, जवळपास मिटलेली रेषा दिसेल. फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवली की ती फुगत जाऊन लंबवर्तुळ होते, एका ठिकाणी सरळ उभी राहते, आणि तिथून पुढे डावीकडे कलू लागते. लंबवर्तुळाचे अक्ष पडद्याच्या रेषांशी समांतर झाले की फेज ९० अंश. मग दोन्ही सिग्नल उंचीने सारखे असोत वा नसोत. माझा अंदाज बरोबर असेल तर आत्ताच्या जोडणीत हा बिंदू तुम्हाला १३८० हर्ट्झच्या आसपास सापडेल. रेझिस्टरची जोडी जुळवल्यावर तो १४४७ हर्ट्झला सरकेल, आणि त्या ठिकाणी आकृती लंबवर्तुळ न राहता खरे वर्तुळ होईल. त्या फ्रिक्वेन्सीवरून कॅपॅसिटरची खरी किंमत काढता येते, मात्र R ची किंमत छापील न घेता मोजलेली घ्या:

```
C = 1 / (2π·f·R) = 1 / (2π × 1447 × 10000) = 11.0 nF
```

वर्तुळावरून आउटपुट पुढे आहे की मागे, हे कळत नाही. पुढच्या आणि मागच्या ९० अंशांना तेच वर्तुळ दिसते. त्यासाठी साध्या टाइम मोडवर या आणि इनपुट ज्या क्षणी शून्यातून वर जाते त्यानंतर किती वेळाने आउटपुट तसेच जाते ते पाहा. १५९१ हर्ट्झला एक फेरी ६२८ मायक्रोसेकंदांची असते, त्यामुळे ९० अंश मागे म्हणजे १५७ मायक्रोसेकंद उशीर. मोजताना दोन्ही चॅनेल एकाच कपलिंगवर, शक्यतो डीसीवर ठेवा. एक एसीवर आणि एक डीसीवर राहिला तर कमी फ्रिक्वेन्सीला सीआरओ स्वतःच काही अंश मिसळतो, आणि ते अंश माणूस सर्किटमध्ये शोधत बसतो.

१.५९ किलोहर्ट्झलाच ९० अंश हवे असतील तर कॅपॅसिटर बदलत बसण्यापेक्षा R बदलणे सोपे. ११ नॅनोफॅरडला ९.०९ के लागतात. तिथे ८.२ के चा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये २ के चा प्रीसेट लावा, आणि वर्तुळ दिसेपर्यंत प्रीसेट फिरवा. क्रम मात्र पाळा: आधी R1 आणि R2 जुळवा, मग प्रीसेट. उलट केले तर प्रीसेटने फेज ९० वर आणता येतो, पण उच्च फ्रिक्वेन्सीचा गेन तसाच चुकीचा राहतो, कारण चुकीच्या बिंदूपासूनचे मोजमाप P ला सरकवून दुरुस्त होत नाही.

राहिला २०० किलोहर्ट्झचा त्रिकोण. ७४१ हा १९६८ मधला ऑप-अँप आहे. त्याचे आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच बदलू शकते. २०० किलोहर्ट्झला अर्धी फेरी अडीच मायक्रोसेकंदांची असते. तेवढ्यात अर्धा व्होल्ट दराने सव्वा व्होल्ट होतात, आणि नेमके तेवढेच तुम्हाला दिसले. साइनच्या जागी सरळ बाजूंचा त्रिकोण दिसणे ही स्लू रेटची खूण आहे. इनपुट २ व्होल्टांवरून ०.२ व्होल्टांवर आणा. त्रिकोण जाऊन पुन्हा साइन दिसली तर कारण हेच.

पण त्रिकोण गेला म्हणजे फेज बरोबर झाला असे समजू नका. या सर्किटमध्ये ऑप-अँप आतून दोनच्या गेनने काम करत असतो, बाहेर गेन एक दिसत असला तरी. ७४१ ची युनिटी-गेन बँडविड्थ सुमारे १ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून इथे त्याची मर्यादा ५०० किलोहर्ट्झला येते. गेनवर याचा परिणाम उशिरा जाणवतो: १०० किलोहर्ट्झलाही गेन फक्त २ टक्क्यांनी कमी होतो. फेज मात्र खूप आधीपासून मागे पडतो: १० किलोहर्ट्झला सव्वा अंशाच्या आत, ५० किलोहर्ट्झला जवळपास सहा अंश, १०० किलोहर्ट्झला अकरापेक्षा जास्त. त्यामुळे गेन सपाट दिसतो आहे म्हणून फेजही सूत्राप्रमाणे असेल, हा निष्कर्ष वरच्या फ्रिक्वेन्सींना धोक्याचा आहे. तुमच्या मोजमापात कुठे फेज १८० च्याही पलीकडे गेलेला दिसला तर तो सूत्राचा नव्हे, ऑप-अँपचा वाटा असतो, कारण R आणि C ची एक जोडी १८० अंश कधीच ओलांडत नाही.

टीएल०७२ लावला तर स्लू रेट साधारण १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आणि बँडविड्थ सुमारे ३ मेगाहर्ट्झ मिळते. त्रिकोण नाहीसा होईल आणि १०० किलोहर्ट्झचा जादा फेज चार अंशांच्या आत येईल. तो एका पॅकेजमध्ये दोन ऑप-अँप असलेला आयसी आहे, पिना ७४१ सारख्या नाहीत. ७४१ च्या जागी थेट बसवायचा असेल तर टीएल०७१ घ्या. R1 आणि R2 मात्र मोठे करू नका. १०० के चे दोन रेझिस्टर आणि इनव्हर्टिंग पिनजवळची ब्रेडबोर्डची १० पिकोफॅरड एवढ्यानेही ३२० किलोहर्ट्झजवळ आणखी एक फेज-शिफ्ट तयार होतो आणि आउटपुटला तिथे उठाव येतो. १० के ठीक आहेत.

हे सर्किट तुम्हाला कशासाठी हवे आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि किती काटेकोर व्हायचे ते त्यावर ठरते. एकाच फ्रिक्वेन्सीला ९० अंश हवे असतील तर जुळवलेली जोडी, पॉलिस्टर कॅपॅसिटर आणि प्रीसेट एवढ्यात काम होते, आणि १.५९ किलोहर्ट्झला ७४१ ची चूक ०.२ अंशांहून कमी असल्यामुळे तो बदलण्याचीही गरज नाही. ३०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ अशा पट्ट्यात सगळीकडे ९० अंश हवे असतील तर मात्र या एका टप्प्याने ते होणार नाही, कितीही जुळवले तरी. तिथे ऑल-पास टप्प्यांच्या दोन स्वतंत्र साखळ्या लागतात, ज्यांच्या आउटपुटमधला फरक पट्टाभर ९० अंशांच्या जवळ राहतो. तसे असेल तर पट्टा आणि किती अंशांची चूक चालेल, हे दोन आकडे लिहा. टप्पे किती लागतील ते त्यावरून काढता येते.